शंभराचा सरकारी रोखा साडेत्र्याण्णवला कसा?

नागरी सहकारी बँकेचा वार्षिक अहवाल घरी आला की बहुतेक सभासद लाभांशाचा आकडा पाहतात आणि पुस्तिका बाजूला ठेवतात. त्याच पुस्तिकेत ताळेबंदाच्या पानावर 'गुंतवणूक चढउतार निधी' नावाची एक ओळ असते. बँकेची गुंतवणूक बहुतांशी केंद्र आणि राज्य सरकारच्या रोख्यांत असते, म्हणजे पैसे बुडण्याची भीती जवळजवळ नाही. मग चढउतार कशाचा? सरकार व्याज ठरल्या दिवशी देते, मुद्दल मुदत संपली की देते. तरीही एखाद्या वर्षी याच रोख्यांच्या किमती घसरल्या म्हणून बँकेला नफ्यातून तरतूद करावी लागते, आणि वार्षिक सभेत कोणीतरी उठून विचारतो की सरकारी कागदात तोटा झालाच कसा.

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर भागाकार आणि बेरीज येणाऱ्या कोणालाही कागदावर काढता येते. त्यासाठी एक खरा रोखा घेऊ.

१७ जानेवारी २०२२ रोजी केंद्र सरकारने दहा वर्षांचा एक नवा रोखा काढला. त्याचे नाव '६.५४ टक्के जीएस २०३२'. या नावातच सगळा करार आहे. दर्शनी मूल्य १०० रुपये, वर्षाचे व्याज ६ रुपये ५४ पैसे, परतफेड १७ जानेवारी २०३२ रोजी. या व्याजाला बाजारात कुपन म्हणतात, कारण पूर्वी रोखा छापील कागदाचा असे आणि त्याच्या कडेला व्याजाच्या चिठ्ठ्या असत. दर मुदतीला एक चिठ्ठी कापून द्यायची आणि पैसे घ्यायचे. आज रोखा खात्यातली एक नोंद आहे, चिठ्ठ्या गेल्या, शब्द राहिला. आपल्याकडचे बहुतेक सरकारी रोखे हे कुपन वर्षातून दोनदा देतात. म्हणजे ६.५४ रुपये एकदम येत नाहीत. १७ जुलैला ३ रुपये २७ पैसे आणि १७ जानेवारीला ३ रुपये २७ पैसे असे येतात. तारीख सुटीच्या दिवशी आली तर कुपन पुढच्या कामाच्या दिवशी मिळते, आणि त्या एकदोन दिवसांचे जादा व्याज मिळत नाही. याच रोख्याचे पहिले कुपन १७ जुलै २०२२ रोजी होते, तो रविवार होता.

रोखा विकत घेणारा माणूस नेमके काय विकत घेतो, हे आधी स्वच्छ पाहिले पाहिजे. तो सरकारचा विश्वास वगैरे घेत नाही. तो तारखांची आणि रकमांची एक यादी विकत घेतो. पहिले कुपन मिळून गेल्यानंतर, म्हणजे १७ जुलै २०२२ च्या संध्याकाळी, या यादीत एकोणीस नोंदी उरल्या होत्या. त्यातल्या अठरा नोंदी ३.२७ रुपयांच्या होत्या. शेवटची, जानेवारी २०३२ ची, १०३.२७ रुपयांची होती, कारण त्या दिवशी शेवटचे कुपन आणि मुद्दल दोन्ही एकत्र मिळतात. सगळ्यांची बेरीज १६२ रुपये १३ पैसे होते. पण ही बेरीज म्हणजे रोख्याची किंमत नव्हे. साडेनऊ वर्षांनी मिळणारा रुपया आणि सहा महिन्यांनी मिळणारा रुपया एका रांगेत मांडून बेरीज करता येत नाही. आधी प्रत्येकाचे आजचे मोल काढावे लागते.

आजचे मोल काढायचे म्हणजे व्याजाचे गणित उलट चालवायचे. आज शंभर रुपये ठेवले आणि सहा महिन्यांना ३.७५ टक्के मिळत असतील, तर सहा महिन्यांनी १०३.७५ होतील. म्हणून सहा महिन्यांनी मिळणाऱ्या १०३.७५ रुपयांचे आजचे मोल शंभर. कोणत्याही रकमेला १.०३७५ ने भागले की ती सहा महिने अलीकडे येते. दोनदा भागले की एक वर्ष अलीकडे येते. एकोणीस वेळा भागले की साडेनऊ वर्षे अलीकडे येते. याहून अवघड असे या विषयात काही नाही.

मी ३.७५ हा आकडा का घेतला, ते सांगतो. २०२२ हे वर्ष रोख्यांच्या बाजारात सहजी विसरले जाणार नाही. जानेवारीत हा रोखा निघाला तेव्हा दहा वर्षांसाठी सरकारला उसने द्यायला बाजार ६.५४ टक्क्यांवर तयार होता. महागाई वाढत गेली, आणि ४ मे रोजी रिझर्व्ह बँकेने ठरल्या बैठकीची वाट न पाहता रेपो दर ४ टक्क्यांवरून ४.४० टक्के केला. ८ जूनला तो ४.९० टक्के झाला. त्याच महिन्यात दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचा परतावा साडेसात टक्क्यांच्या पुढे जाऊन आला. जुलैत तो जरा खाली होता, पण आकडेमोड सोपी व्हावी म्हणून आपण साडेसात टक्केच धरू. बाजारात वर्षाचा साडेसात टक्के परतावा म्हटले की त्याचा अर्थ सहा महिन्यांना त्याच्या निम्मा, म्हणजे ३.७५ टक्के. हा संकेत आहे, आणि त्यावरून घोळ होतात, त्याकडे नंतर येऊ.

आता यादी घेऊन बसू. जानेवारी २०२३ चे कुपन ३.२७ रुपयांचे, एकदा भागले की ३.१५. जुलै २०२३ चे दोनदा भागले की ३.०४. असेच खाली उतरत गेलो की दहावे कुपन आज २.२६ रुपयांचे ठरते आणि एकोणिसावे फक्त १.६२ रुपयांचे. रक्कम तीच, पण जितकी लांब तितके तिचे मोल कमी. अशी एकोणीस कुपनांची आजची मोले मिळवली की ४३ रुपये ८७ पैसे होतात. राहिले मुद्दल. १.०३७५ चा एकोणीस वेळा गुणाकार केला तर २.०१२७ येतो, म्हणजे या दराने साडेनऊ वर्षांत पैसा दुपटीहून किंचित जास्त होतो. म्हणून साडेनऊ वर्षांनी मिळणाऱ्या शंभराचे आजचे मोल निम्म्याहून थोडे कमी, ४९ रुपये ६९ पैसे. दोन्हींची बेरीज ९३ रुपये ५६ पैसे. ही त्या रोख्याची किंमत.

कुपनांचा भाग काढायला दरवेळी एकोणीस भागाकार करायची गरज नाही. एकसारख्या रकमांच्या मालिकेची बेरीज एका सूत्रात बसते, आणि पूर्ण किंमत अशी लिहितात:

```
P = C × [1 − (1 + r)^(−n)] / r + F × (1 + r)^(−n)

C = 3.27    r = 0.0375    n = 19    F = 100
P = 43.87 + 49.69 = 93.56
```

यात C म्हणजे सहामाही कुपन, r म्हणजे सहामाही दर, n म्हणजे उरलेल्या सहामाह्या आणि F म्हणजे दर्शनी मूल्य. सूत्र पाठ नसले तरी बिघडत नाही, कारण ते यादीतली भागाकार-बेरीजच थोडक्यात सांगते. तिन्ही गोष्टी सहामाहीच्या मापात आहेत ना, एवढे मात्र प्रत्येक वेळी तपासावे. कुपन निम्मे, दर निम्मा, मुदत दुप्पट. यातली एक जरी वार्षिक मापात राहिली तर उत्तर चुकते.

सभेतल्या प्रश्नाचे उत्तर आता समोर आहे. सरकारने एक पैसाही कमी दिलेला नाही. यादीतली एकही रक्कम बदललेली नाही, एकही तारीख पुढे गेलेली नाही. बदलला तो भागणारा आकडा. जानेवारीत तो १.०३२७ होता, जुलैत आपण १.०३७५ धरला. भाजक मोठा झाला की भागाकार लहान होतो. याचा व्यवहारातला अर्थ असा की जुलैत नवा रोखा घेणाऱ्याला शंभरावर साडेसात मिळत असतील, तर साडेसहा देणारा जुना रोखा तो शंभराला कशाला घेईल? त्याला किंमत इतकी उतरवून हवी की कमी कुपनाची भरपाई स्वस्त खरेदीतून व्हावी. ९३.५६ ही बरोबर तेवढी उतरवलेली किंमत आहे, ना जास्त ना कमी.

हे बरोबर तेवढीच आहे, याची खात्री करून घेता येते, आणि तो हिशोब मला सूत्राहून जास्त आवडतो. त्यासाठी यादीच्या शेवटी जाऊन उभे राहायचे आणि मागे चालत यायचे. जानेवारी २०३२ ला १०३.२७ मिळणार आहेत. समजा बाजाराचा दर कुपनाइतकाच, म्हणजे सहामाही ३.२७ टक्के आहे. मग जुलै २०३१ मध्ये त्या १०३.२७ चे मोल १०३.२७ भागिले १.०३२७, म्हणजे नेमके शंभर. जुलै २०३१ च्या दिवशी एक कुपनही हातात येते, ते मिळवले की पुन्हा १०३.२७. ते एक सहामाही मागे आणले की पुन्हा शंभर. असे कितीही मागे या, प्रत्येक कुपन मिळाल्यावर रोख्याची किंमत शंभरच राहते. म्हणून परतावा कुपनाइतका असेल तर रोखा दर्शनी मूल्याला विकला जातो. नवा रोखा परताव्याच्या बोलीवर लिलावात विकतात तेव्हा कुपन ठरते ते असेच. बोलीदार परतावा सांगतात, सगळ्यात वरचा जो परतावा स्वीकारला जातो तो कापदर, आणि तोच नव्या रोख्याचे कुपन होतो. ६.५४ हा विचित्र आकडा कोणी मंत्र्याने निवडलेला नाही, तो लिलावातून आला.

आता तीच चाल ३.७५ टक्क्यांनी चालू. १०३.२७ भागिले १.०३७५ म्हणजे ९९.५४. त्यात कुपन ३.२७ मिळवून पुन्हा भागले की ९९.०९. पुन्हा तसेच केले की ९८.६६, आणि आणखी एकदा केले की ९८.२५. म्हणजे मुदतीला दोन वर्षे राहिली असतील आणि तेव्हाही बाजाराचा दर साडेसातच असेल, तर किंमत ९८.२५ असेल. जसजसे मागे यावे तसतशी किंमत उतरत जाते, आणि एकोणीस पावले मागे आलो की ९३.५६ वर पोचतो. उलट बाजूने पाहिले तर हाच रोखा वेळ जाईल तसा ९३.५६ वरून हळूहळू शंभराकडे चढत असतो. दर जागचे हलले नाहीत तरी चढत असतो.

ही चढण कुठून येते? ज्याने ९३.५६ दिले त्याला सहामाही ३.७५ टक्के हवे आहेत. ९३.५६ वर ते ३ रुपये ५१ पैसे होतात. कुपन मिळते ३ रुपये २७ पैसे. राहिलेले २४ पैसे रोख्याची किंमत वाढून मिळतात. पुढच्या कुपनाच्या दिवशी किंमत ९३ रुपये ८० पैसे होते, आणि पाहा, ९३.५६ मध्ये २४ पैसे मिळवले की हेच येते. म्हणजे साडेसात टक्के परतावा दोन वाटांनी येतो. मोठा भाग रोख कुपनाचा, छोटा भाग किमतीतल्या वाढीचा. अनेकजण फक्त कुपन पाहतात आणि ६.५४ ला ९३.५६ ने भागून ६.९९ टक्के परतावा सांगतात. तो आकडा खोटा नाही, पण तो हातात पडणाऱ्या रोकडीचा दर आहे. मुदतीअखेर शंभर मिळणार आहेत, ही गोष्ट त्यात धरलेलीच नाही.

जो बँकवाला किंवा घरचा गुंतवणूकदार रोखा १७ जानेवारी २०३२ पर्यंत धरून ठेवणार आहे, त्याला मधल्या घसरणीचे काय? त्याला १०० ला घेतलेल्या रोख्यावर ६.५४ टक्केच मिळत राहतील. तो बुडाला नाही. पण साडेसात मिळत असताना तो साडेसहावर अडकून आहे, आणि ही उणीव खरी आहे, ती पुस्तकात दाखवली नाही तरी असतेच. बँकांच्या हिशोबात यासाठी वर्ग केलेले असतात. जे रोखे मुदतीपर्यंत ठेवायचे ठरवले आहेत त्यांची किंमत बाजारभावाने दाखवावी लागत नाही. बाकीच्यांची दाखवावी लागते, आणि घसरण झाली तर तरतूद करावी लागते. चढउतार निधी या बाकीच्यांसाठी आहे. मुदतीपर्यंत ठेवू म्हणणाऱ्या बँकेला ठेवीदारांनी एकदम पैसे मागितले आणि ते रोखे विकायची वेळ आली, तर मात्र ९३.५६ चाच भाव मिळतो. म्हणून 'आम्ही विकणारच नाही' या वाक्याची किंमत त्या बँकेच्या ठेवी किती स्थिर आहेत त्यावर ठरते.

आता तो संकेताचा घोळ. वर्षाला साडेसात टक्के म्हणजे सहामाही पावणेचार टक्के, हे बाजाराचे बोलणे आहे. पण मिळालेले पहिले पावणेचार टक्के पुन्हा गुंतवले, तर वर्षाअखेर १.०३७५ गुणिले १.०३७५, म्हणजे ७.६४ टक्के होतात. ज्याने चक्रवाढ व्याज नीट शिकले आहे असा माणूस इथे अडखळतो. तो म्हणतो, वर्षाचा दर साडेसात असेल तर सहामाही दर १.०७५ चे वर्गमूळ काढूनच घेतला पाहिजे, म्हणजे ३.६८ टक्के. त्याचे गणित चुकीचे नाही. पण बाजार ज्या अर्थाने साडेसात म्हणतो तो अर्थ हा नाही. ३.६८ ने भागले तर आपल्या रोख्याची किंमत ९४ रुपये ४४ पैसे येते. फरक ८८ पैशांचा. शंभराच्या रोख्यावर ८८ पैसे किरकोळ वाटतात, पण एक कोटी दर्शनी मूल्याच्या व्यवहारात ते सुमारे ८७,७०० रुपये होतात. रोखा आणि मुदत ठेव यांची तुलना करतानाही हे ध्यानात ठेवावे. बँकेच्या ठेवीवर व्याज तिमाही चक्रवाढ असेल तर तिचा साडेसात आणि रोख्याचा साडेसात हे दोन वेगळे आकडे आहेत, आणि दोन्ही वार्षिक मापात आणल्याशिवाय समोरासमोर ठेवू नयेत.

आतापर्यंत आपण कुपनाच्या दिवशीच खरेदी केली. खऱ्या बाजारात असा योग क्वचित येतो. समजा २७ सप्टेंबर २०२२ रोजी पैसे देऊन हाच रोखा ताब्यात घ्यायचा आहे आणि दर अजूनही साडेसातच आहे. १७ जुलैला कुपन झाले, पुढचे १७ जानेवारीला. मधले दिवस मोजायचे कसे, याचाही संकेत आहे. भारतात सरकारी रोख्यांसाठी प्रत्येक महिना तीस दिवसांचा आणि वर्ष ३६० दिवसांचे धरतात. १७ जुलै ते १७ सप्टेंबर हे दोन महिने म्हणजे साठ दिवस, वर दहा, एकूण सत्तर. सहामाही १८० दिवसांची, त्यातले सत्तर उलटले.

किंमत काढायची सोपी रीत अशी. १७ जुलैची किंमत ९३.५६ आपल्याला माहीत आहे. त्या दिवशी तेवढे पैसे साडेसात टक्क्यांच्या मापाने वाढायला ठेवले असते तर सत्तर दिवसांत ते १.०३७५ च्या सत्तर-छेद-एकशेऐंशी घाताइतके, म्हणजे सुमारे १.०१४४ पट झाले असते. ९३.५६ ला त्याने गुणले की ९४ रुपये ९१ पैसे. खरेदीदाराला खिशातून एवढे पैसे द्यावे लागतात.

पण पडद्यावर हा आकडा दिसत नाही. १७ जानेवारीला येणारे पूर्ण ३.२७ रुपये नव्या मालकाच्या खात्यात जातील, आणि त्यातल्या सत्तर दिवसांचे व्याज खरे तर जुन्या मालकाने कमावलेले आहे. ते खरेदीदार विकणाऱ्याला आधीच चुकते करतो. ६.५४ गुणिले ७० भागिले ३६०, म्हणजे १ रुपया २७ पैसे. मुंबईच्या बाजारात याला ब्रोकन पीरियडचे व्याज म्हणतात. ९४.९१ मधून १.२७ वजा केले की ९३.६४ राहतात. पडद्यावर भाव म्हणून ९३.६४ दिसतो. याला निव्वळ भाव म्हणू. असे का करतात हे एकदा कळले की विसरत नाही. देय रक्कम रोज थोडी थोडी चढते आणि कुपनाच्या दिवशी एकदम ३.२७ ने कोसळते. ती घसरण बाजाराची नसते, फक्त कुपन वाटले गेलेले असते. व्याज वेगळे काढले की उरलेला भाव सलग चालतो, आणि तो हलला तर दर हलले म्हणून हलला हे समजते. आपल्या उदाहरणात तो सत्तर दिवसांत ९३.५६ वरून ९३.६४ झाला. ही तीच शंभराकडची संथ चढण आहे.

रिझर्व्ह बँकेने १२ नोव्हेंबर २०२१ पासून रिटेल डायरेक्ट ही सोय सुरू केल्यापासून सामान्य माणूस स्वतःच्या नावाने खाते उघडून दहा हजार रुपये दर्शनी मूल्यापासून सरकारी रोखे घेऊ शकतो. तिथे पहिल्यांदा खरेदी करणाऱ्याला या जागी बुचकळ्यात पडायला होते. भाव दिसतो ९३.६४, एक लाखाच्या दर्शनी मूल्याला ९३,६४० च्या आसपास लागतील असे वाटते, आणि खात्यातून मात्र ९४,९०९ रुपये जातात. मधले १,२७२ रुपये दलाली नाहीत, दंड नाही. ते जानेवारीच्या कुपनातून परत येणार आहेत.

हे सारे संगणकावरच्या तक्त्यात एका ओळीत तपासता येते. एक्सेल किंवा लिब्रेऑफिसमध्ये असे लिहावे:

```
=PRICE(DATE(2022,9,27),DATE(2032,1,17),6.54%,7.5%,100,2,4)
```

पहिली तारीख पैसे देण्याची, दुसरी मुदतीची. नंतर कुपन, परतावा आणि दर्शनी मूल्य. शेवटचा २ म्हणजे वर्षातून दोन कुपने, आणि ४ म्हणजे तीस दिवसांचा महिना. इथे कुपन आणि परतावा वार्षिकच द्यायचे, निम्मे करायचे काम सूत्र स्वतः करते. हातच्या गणिताची सवय असलेला माणूस इथे ३.७५ टक्के भरतो आणि किंमत एकशेवीसच्या पुढे गेलेली पाहून गोंधळतो. उत्तर म्हणून ९३.६४ येईल, म्हणजे निव्वळ भाव. ब्रोकन पीरियडचे व्याज आपण वेगळे मिळवायचे.

व्यवहारात बहुधा प्रश्न उलटा पडतो. भाव समोर असतो आणि परतावा शोधायचा असतो. १७ जुलैला कोणी ९४ रुपये भाव सांगितला, तर परतावा किती? सूत्र उलटवून थेट उत्तर देईल अशी सोपी वाट नाही, अंदाज करून जवळ जावे लागते. साडेसातला ९३.५६ येते, म्हणजे परतावा साडेसाताहून कमी. ७.४० धरून पाहिले तर ९४ रुपये २१ पैसे. हे ९४ च्या वर गेले. म्हणजे उत्तर दोघांच्या मध्ये, सातशतांश हिशोबाने ७.४३ टक्क्यांच्या जवळ. संगणकही हेच करतो, फक्त पटापट. या दोन आकड्यांतून एक उपयोगी माप हाती लागते. परतावा ०.१० टक्क्याने हलला तर या रोख्याची किंमत सुमारे ६५ पैशांनी हलते. ज्या बँकेकडे असे शंभर कोटींचे रोखे आहेत, तिला दर पाव टक्का चढण्याचा अर्थ दीड कोटीहून जास्त घसरण असा होतो. ही आकडेमोड संचालक मंडळाच्या बैठकीत तोंडी करता येण्याइतकी सोपी आहे, आणि माझ्या मते ती प्रत्येक संचालकाला आलीच पाहिजे.

मुदत लांबली की हे माप वाढते. भारत सरकार चाळीस वर्षांचेही रोखे काढते. साडेसात टक्क्यांनी भागले तर चाळीस वर्षांनी मिळणाऱ्या शंभराचे आजचे मोल सव्वापाच रुपये आहे. तिथे किमतीचा जवळजवळ सगळा भार कुपनांच्या लांबलचक मालिकेवर असतो, आणि त्या मालिकेतले दूरचे मणके दराच्या थोड्या हालचालीनेही बरेच हलतात.

या पद्धतीची मर्यादाही सांगायला हवी. आपण सहा महिन्यांनी येणाऱ्या कुपनाला आणि साडेनऊ वर्षांनी येणाऱ्या मुद्दलाला एकाच ३.७५ टक्क्यांनी भागले. बाजार असे वागत नाही. सहा महिन्यांसाठी पैसे द्यायचा दर वेगळा असतो, पाच वर्षांचा वेगळा, दहाचा वेगळा. काटेकोर किंमत काढणारे प्रत्येक तारखेला तिचा स्वतःचा दर लावतात, आणि साडेसात टक्के हा त्या एकोणीस दरांच्या जागी वापरलेला एकच दर आहे, जो लावला असता किंमत तितकीच येते. दोन रोख्यांचा परतावा सारखा दिसला तरी त्यांच्या कुपनांचे वेळापत्रक वेगळे असेल तर ते सारखे स्वस्त असतीलच असे नाही.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. आपण भागले ते करारात लिहिलेल्या रकमांना. केंद्र सरकारच्या रुपयातल्या रोख्यासाठी लिहिलेली रक्कम आणि मिळणारी रक्कम एकच धरायला हरकत नाही. एखाद्या खासगी कंपनीच्या रोख्याला हेच सूत्र लावून अकरा टक्के परतावा निघाला, तर तो अकरा टक्के कंपनीने प्रत्येक कुपन आणि मुद्दल वेळेवर दिले तरच खरा आहे. सूत्राला तिची पत माहीत नसते. सरकारी रोखा साडेसात देत असताना त्याच मुदतीला वर मिळणारे साडेतीन टक्के कशाबद्दल आहेत, हा प्रश्न तिथे किंमत काढायच्या आधी विचारायचा असतो, आणि त्याचे उत्तर कंपनीच्या ताळेबंदात शोधावे लागते.